हँडल, फीड, व्हायरल, ट्रोल : शब्दात हात कुणाचा?

प्रश्न : मी सोलापुरात अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवते. हँडल, फीड, व्हायरल, ट्रोल हे शब्द मुलं दिवसभर वापरतात. अर्थ विचारला की मूठ, चारा, ताप आणि राक्षस असं सांगून हसतात. या जुन्या अर्थांचा नव्या अर्थांशी खरंच काही संबंध आहे का? आणि मराठीत लिहिताना या शब्दांना काय म्हणावं?

मॅडम, तुमच्या मुलांनी हसत हसत चारपैकी तीन शब्द बरोबर ओळखलेत. मूठ बरोबर, चारा बरोबर, ताप बराचसा बरोबर. चुकला तो राक्षस. त्या चुकीतच सांगण्यासारखं सगळ्यात जास्त आहे, म्हणून ते शेवटी घेतो.

मी बावीस वर्षं इंग्रजी-मराठी भाषांतर करतो. माहितीपत्रकं, कोर्टाचे कागद, लोकांचे अर्ज, आणि अलीकडे मोबाइलच्या अॅपमधली वाक्यं. असा एखादा शब्द समोर आला की कोश उघडण्याआधी मी स्वतःला एकच विचारतो: या शब्दाच्या जुन्या चित्रात हात कुणाचा आहे, आणि तो कशावर आहे? या चारही शब्दांत कुणीतरी काहीतरी करतोय आणि कुणावर तरी ते होतंय. आपण मराठीत शब्द जसाच्या तसा उचलला तेव्हा आवाज आला, चित्र तिकडेच राहिलं. ते चित्र परत आणलं की मुलांना अर्थ पाठ करावा लागत नाही.

हँडल सोपा आहे. इंग्रजीत हातापासून हँडल, आपल्याकडे हातापासून हाताळणे, एकाच रीतीनं झालेले शब्द. मुलांना कपाचा कान दाखवा. कान कपाला असतो, पण त्याचा उपयोग कपाला नसतो, उचलणाऱ्याला असतो. एकोणिसाव्या शतकात इंग्रजीत नावाला जोडलेल्या ‘सर’सारख्या पदवीला नावाचं हँडल म्हणायला लागले, कारण माणसाचा उल्लेख करायला ती धरायला बरी. पुढे १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या ट्रकचालकांनी हा शब्द उचलला. १९७३च्या तेलटंचाईनंतर तिथं वेगमर्यादा ताशी ५५ मैलांवर आणली गेली. पोलिस कुठं थांबलेत, डिझेल कुठं मिळतंय, हे चालक एकमेकांना ट्रकमधल्या छोट्या रेडिओवरून सांगायचे. त्यावर खरं नाव कोण घेणार? म्हणून प्रत्येकानं एक टोपणनाव घेतलं आणि त्याला हँडल म्हटलं. ही हौस इतकी पसरली की राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांच्या पत्नी बेटी फोर्ड यांनीही रेडिओसाठी ‘फर्स्ट मामा’ हे हँडल घेतलं होतं. तिथून शब्द संगणकावर आला, तिथून फोनवर.

वर्गात हे समजवायला सोलापूर फार सोयीचं आहे. ग्रामदैवत सिद्धेश्वर असल्यामुळं एका वर्गात तीन-चार सिद्धाराम सहज निघतात. मग मुलं काय करतात? एक अक्कलकोटचा, एक चष्मेवाला, एक नुसता सिधू. नाव चौघांचं एक, पण हाक मारायला प्रत्येकाचा कान वेगळा. हँडल हेच काम करतं. फोनवर दिसणारं नाव हजार जणांचं सारखं असू शकतं, हँडल मात्र एकाच माणसाचं. त्याच्या आधी @ लावून लिहिलं की त्या माणसाचा फोन वाजतो, म्हणजे कुणीतरी कान धरून हाक मारलेली असते. ‘वापरकर्तानाव’ हा शब्द यासाठी मला कमी पडतो. वापरकर्तानाव म्हणजे तुम्ही आत शिरताना दारावर सांगता ते. हँडल म्हणजे बाहेरचे लोक तुम्हाला जिथं धरतात ते. बऱ्याच ठिकाणी अक्षरं तीच असतात, पण हात वेगळा असतो. म्हणून मी ‘हँडल’ असंच लिहितो, बदलत नाही.

फीडचं मूळ खाऊ घालण्यात आहे, आणि त्याच्या दोन शाखा आहेत. एक जनावराला चारणं, दुसरी यंत्राला माल पुरवणं. बॉयलरला पाणी, छापखान्याच्या मशीनला कागद, हे सगळं इंग्रजीत फीड. फोनवरच्या फीडमध्ये या दोन्ही शाखा एकत्र आल्यात. त्या एकत्र कशा येतात ते मला लहानपणीच दिसलं होतं, आमच्या गावच्या गोठ्यात.

आमच्याकडं ज्वारीचा कडबा. म्हशीला अख्खी पेंढी सोडून टाकली की ती निवडून खायची. आधी पाला, मग वरचे कोवळे शेंडे, आणि खालचे जाड बुडखे तुडवून टाकायची. सकाळी गव्हाण साफ करताना निम्मा कडबा वाया गेलेला दिसायचा. मग वडिलांनी हातानं फिरवायची कडबाकुट्टी आणली. मी मोठं चाक फिरवायचो, वडील पुढच्या लांबट पन्हाळीतून पेंढी आत सरकवायचे. आत दातेरी रूळ असतात. ते कडबा एका ठरावीक वेगानं ओढतात आणि चाकावरची पाती त्याचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करतात. पाला, शेंडा, बुडखा सगळं एकाच आकाराचं होऊन खाली पडतं. ती कुट्टी गव्हाणीत टाकली की म्हैस सगळं खायची, कारण निवडायला काही उरलेलंच नसायचं.

आता वर्तमानपत्र आठवा. ती अख्खी पेंढी आहे. तुम्ही खेळाचं पान काढता, अग्रलेख ठेवून देता, छोट्या जाहिराती ढुंकूनही बघत नाही. फीड म्हणजे कुट्टी. मावसभावाचं लग्न, दरवाढीची बातमी, गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात, कुणाचं तरी भांडण, सगळ्याचे सारखे तुकडे, एकाखाली एक. शब्द इथवर टप्प्याटप्प्यानं आला. आधी रेडिओ-टीव्हीच्या केंद्रांना मुख्य केंद्राकडून येणाऱ्या कार्यक्रमाला फीड म्हणत. १९९९ मध्ये वेबसाइटवरच्या नव्या मजकुराची यादी आपोआप मागवून घेण्याची सोय झाली, तिलाही फीड म्हटलं गेलं. आणि ५ सप्टेंबर २००६ ला फेसबुकनं ‘न्यूज फीड’ सुरू केलं. त्याआधी मित्राचं काय चाललंय हे बघायला त्याच्या पानावर जावं लागायचं. त्या दिवसापासून गव्हाण आपल्या तोंडाशी आली. तेव्हा वापरणाऱ्यांनी मोठा विरोध केला होता, हे आज मुलांना सांगितलं तर खरं वाटत नाही.

पण फीडमध्ये एक गोष्ट अशी आहे जी कडबाकुट्टीत नव्हती, आणि तिचाही शब्द याच घराण्यातला आहे: फीडबॅक. लग्नाच्या मांडवात माइक कर्ण्यासमोर आला की कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजते. माइकनं घेतलेला आवाज कर्ण्यातून बाहेर पडतो, तोच पुन्हा माइकमध्ये जातो, पुन्हा मोठा होऊन बाहेर येतो. बाहेर आलेलं परत आत भरणं, हा फीडबॅकचा मूळ अर्थ. रेडिओ बनवणाऱ्या इंजिनिअरांचा हा शब्द, ‘अभिप्राय’ हा अर्थ नंतरचा. फोनवर तुमचा अंगठा कुठं थांबला, किती वेळ थांबला, हे परत आत जातं आणि पुढची कुट्टी त्याप्रमाणं कापली जाते. भांडणाच्या व्हिडिओवर चार वेळा थांबलात की पाचव्यांदा भांडण जास्त येतं. ती मांडवातली शिट्टीच आहे, फक्त ऐकू येत नाही. मुलांना ‘फीड’ला मराठी शब्द हवाच असेल तर मी ‘ओघ’ सुचवेन, पण त्यात चारणाऱ्याचा हात दिसत नाही. तो दिसावा असं वाटत असेल तर फीडच राहू द्या आणि कडबाकुट्टी सांगा.

व्हायरल हा शब्द आपल्याकडं दोन तोंडांनी बोलला जातो. दवाखान्यात डॉक्टर म्हणतात, ‘व्हायरल आहे, तीन दिवस राहील,’ आणि बाहेर बाकावर बसलेला पोरगा म्हणतो, ‘व्हिडिओ व्हायरल झाला.’ दोघंही बरोबर. लॅटिनमध्ये व्हायरस म्हणजे विष. आणि हे नुसतं भाषांतर नाही: लॅटिनचा व्हायरस आणि संस्कृतचं विष ही एकाच मुळाची भावंडं आहेत. म्हणून आपला ‘विषाणू’ हा शब्द मला फार अचूक वाटतो. १८९८ मध्ये बायरिंक या डच शास्त्रज्ञानं तंबाखूच्या पानांवरचा रोग अभ्यासताना, बारीकातल्या बारीक गाळणीतूनही पार होणाऱ्या रोगकारकाला हे नाव दिलं, तेव्हापासून जुन्या विषाला आजचा अर्थ मिळाला.

विषाणूचं वैशिष्ट्य असं की त्याला स्वतःची प्रत स्वतः काढता येत नाही. तो पेशीत शिरतो आणि तिच्याच यंत्रणेकडून आपल्या प्रती काढून घेतो. त्याच्याजवळ असते ती फक्त सूचना: माझी प्रत काढ. आता आपल्या ग्रुपवर येणारा निरोप आठवा, ज्याच्या तळाला लिहिलेलं असतं, ‘जास्तीत जास्त व्हायरल करा.’ वरचा मजकूर औषधाचा असो नाहीतर अफवेचा, ती शेवटची ओळ म्हणजे विषाणूजवळची तीच सूचना. अंगठा आपला, वेळ आपला, ओळखीची माणसं आपली. १९९६ मध्ये हॉटमेल सुरू झालं तेव्हा पाठवलेल्या प्रत्येक पत्राच्या तळाला मोफत खातं उघडण्याचं आमंत्रण आपोआप जोडलं जायचं. पत्र लिहिणारा कळत-नकळत जाहिरात वाटत होता. व्हायरल मार्केटिंग हा शब्द त्याच सुमाराला, याच पद्धतीसाठी रूढ झाला.

यातून एक कसोटी मिळते. समजा एक हजार जणांनी एखादा निरोप पाहिला आणि त्यांच्यामुळं पुढं ११०० नव्या जणांना तो मिळाला. असंच दहा पायऱ्या चाललं तर दहाव्या पायरीला साधारण २६०० नवे लोक असतील. पण दर हजारांमागं ९०० जणांनाच मिळाला तर दहाव्या पायरीला ३५०च उरतात आणि निरोप विझत जातो. एकाच्या वर की खाली, एवढाच फरक. व्हॉट्सअॅपनं २०१८ मध्ये भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पुढं पाठवायची मर्यादा घातली, आणि २०२० मध्ये दोन बाण दिसणारा, म्हणजे अनेक हातांतून आलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं, ते हाच आकडा खाली आणायला. मजकूर तोच राहिला, प्रत काढणं तेवढं अवघड झालं.

म्हणूनच दहा लाख लोक मागं असलेल्या नटानं टाकलेला व्हिडिओ दहा लाखांनी पाहिला तर त्याला व्हायरल म्हणणं मला पटत नाही. ती दवंडी झाली. एकानं पिटली, सगळ्यांनी ऐकली. व्हायरल म्हणजे हातोहात गेलेलं. मराठीत ‘हातोहात’ हा शब्द तयारच आहे, आणि त्यात हात कुणाचे हेही सांगितलेलं आहे.

आता राक्षस. इंग्रजीत ट्रोल हे दोन निरनिराळे शब्द आहेत, दिसायला सारखे. एक स्कँडिनेव्हियातल्या लोककथांमधला: डोंगरात, पुलाखाली राहणारा विद्रूप प्राणी. आपल्याकडं पिंपळावर मुंजा असतो, तसा त्यांच्याकडं पुलाखाली ट्रोल. दुसरा जुन्या फ्रेंचमधून आलेलं क्रियापद, शिकारीच्या शोधात भटकणं, आणि त्यावरून मासेमारीतला ट्रोल. नाव हळूहळू चालवायची, मागं आमिष लावलेला गळ पाण्यात ओढत न्यायचा. हलणारं काहीतरी दिसलं की मासा पाठलाग करतो आणि स्वतः होऊन तोंड मारतो. जाळं ओढून मासे धरतात त्याला इंग्रजीत ट्रॉल म्हणतात, तो तिसराच शब्द. जाळ्यात मासा सापडतो. गळाला मासा लागतो. हा फरक पुढं उपयोगी पडणार आहे.

इंटरनेटवरचं ट्रोलिंग गळाचं आहे. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकी वैमानिक शत्रूची मिग विमानं बाहेर यावीत म्हणून मुद्दाम घिरट्या घालायचे, त्यालाही ते ट्रोलिंगच म्हणायचे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला युजनेट नावाच्या चर्चाजाळ्यावर alt.folklore.urban हा गट होता. शहरी दंतकथांवर बोलणारी माणसं. तिथले जुने लोक एखादा शंभरदा चघळून झालेला प्रश्न किंवा मुद्दाम चुकीचं विधान टाकायचे. जुन्यांना ते लगेच कळायचं आणि ते गप्प बसायचे. नवखा मात्र तावातावानं चूक दुरुस्त करायला धावायचा. याला ते नवख्यांसाठी गळ टाकणं म्हणायचे.

आमच्या शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर मी हे डोळ्यांनी पाहिलंय. एका मित्रानं रविवारी सकाळी लिहिलं, ‘शेंगाचटणी मूळची लातूरची. सोलापुरात ती नंतर आली.’ हा मित्र इथंच जन्मला, याच्या घरी आजी उखळात चटणी कुटायची आणि आम्ही ती गरम भाकरीवर घेऊन खाल्लेली. त्याला ओळखणारे आम्ही तिघं-चौघं काही बोललो नाही. बाकीच्यांनी दुपारपर्यंत ग्रुप तापवला. कुणी उखळाचे फोटो टाकले, कुणी आजीला फोन करून विचारलं, एकानं तर लातूरकरांवर घसरून घेतलं. मूळ लिहिणारा त्यानंतर एक अक्षर बोलला नाही. गळाची खूण तीच असते: सांगणाऱ्याला खरं माहीत असतं, विधान दुखऱ्या जागी टाकलेलं असतं, आणि टाकल्यावर तो दोरी धरून गप्प बसतो. ज्याला खरंच चुकीचं वाटत असतं तो वाद घालतो, पुरावा मागतो, कधी मान्यही करतो.

मराठीत यासाठी ‘गळाला लागणे’ पिढ्यान्‌पिढ्या आहे. पण शब्द आपल्यापर्यंत पोचला तोवर गळ हरवून राक्षस उरला होता. लोकांनी ‘ट्रोल’ ऐकलं आणि त्यांना पुलाखालचा प्राणी आठवला. त्याला खाऊ घालू नका, अशी इंग्रजीत म्हणच पडली. म्हणजे इथं पुन्हा फीड आला. त्यानंतर कुणालाही शिवीगाळ करणारा तो ट्रोल झाला. आता आपल्या बातम्यांत ‘अभिनेत्री ट्रोल’ छापून येतं तेव्हा अर्थ पूर्ण उलटलेला असतो. आधी ट्रोल झालेला म्हणजे ज्यानं गळाला तोंड मारलं तो. आता ट्रोल झालेली म्हणजे जिच्यावर झुंड तुटून पडली ती, तिनं तोंड उघडलेलं नसलं तरी. हा नवा अर्थ चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. इतक्या लोकांनी वापरला की तो त्या शब्दाचा अर्थ होतोच. पण मराठीत लिहिताना नेमकं काय झालं ते बघून शब्द घ्यावा. आमिष टाकलं असेल तर गळ टाकला, मुद्दाम चिडवलं असेल तर डिवचलं, अनेकांनी हसण्यावारी नेलं असेल तर खिल्ली उडवली, झुंडीनं बोललं असेल तर टीकेची झोड.

हे नुसतं भाषेपुरतं नाही, हे मला एका अर्जावरून कळलं. घरगुती खाद्यपदार्थ विकणारी एक बाई पोलिसांत द्यायचा अर्ज इंग्रजीत करून घ्यायला आली होती. मराठीत तिनं लिहिलं होतं, ‘गेले पंधरा दिवस मला ट्रोल केलं जात आहे.’ मी निरोप दाखवायला सांगितले. पहिले काही चवीवरून चेष्टा करणारे होते. मधल्या काही ओळींत ती भेसळ करते असं लिहिलं होतं. शेवटच्या दोनमध्ये तिच्या गल्लीचं नाव, मुलाची शाळा सुटायची वेळ, आणि ‘बघून घेऊ’ असं होतं. या तिन्ही प्रकारांना तिनं एकच शब्द दिला होता, आणि त्या शब्दानं शेवटचे दोन निरोप पहिल्यांइतकेच हलके करून टाकले होते. आम्ही दोघं बसलो आणि अर्ज नव्यानं लिहिला. ट्रोल हा शब्द कुठंच ठेवला नाही. एका परिच्छेदात चेष्टा, एकात खोटा आरोप करून बदनामी, एकात धमकी, आणि प्रत्येकाखाली तारीख, वेळ, पाठवणाऱ्याचं हँडल आणि निरोप जसाच्या तसा. क्रम मात्र निरोप आले त्याच्या उलटा केला. धमकी सगळ्यात वर घेतली.